रुपये किती आणि महिने किती : भागीदारीतला नफा वाटताना

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत आणि त्यातले बरेचसे दोघा-तिघांच्या भागीदारीत चालतात. या धंद्यात पैसा एकदम येत नाही. कुणी सुरुवातीलाच मोठी रक्कम टाकतो, कुणी मध्येच घराच्या कामासाठी काढून घेतो, तर कुणी डिसेंबरात कापडाच्या खरेदीला पैसे कमी पडले की बायकोचे दागिने गहाण ठेवून भर घालतो. मार्चअखेर नफ्याचा आकडा निघाला की प्रत्येकाच्या डोक्यात वाटणीचा हिशेब वेगळाच असतो. मी अशा छोट्या कारखान्यांची खाती लिहितो. भागीदारी मोडताना पाहिली, ती बहुतेक वेळा तोट्यामुळे नव्हे, तर नफ्याच्या वाटणीवरून.

एकच उदाहरण घेऊन हा हिशेब शेवटपर्यंत करून दाखवतो. अशोक चौकाच्या बाजूला तिघांचा कारखाना आहे असं धरा. नावं नकोत, त्यांना मामा, भाचा आणि मास्तर म्हणू. मास्तर म्हणजे कटिंग मास्तर. कारखाना रोज तोच चालवतो. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून मी ते गोल केले आहेत.

वर्ष १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६. पहिल्या दिवशी मामांनी ६ लाख टाकले, भाच्याने ४ लाख, मास्तरने २ लाख. सप्टेंबर संपता संपता भाच्याने घराच्या स्लॅबसाठी १ लाख काढून घेतले. १ डिसेंबरला कापड भरायचं होतं तेव्हा मास्तरने आणखी ३ लाख आणले. सगळे खर्च, कारखान्याचा कर आणि मास्तरचा पगार वजा जाऊन वर्षअखेर वाटण्याजोगा नफा उरला ३,६०,००० रुपये.

तिघांची तीन उत्तरं

भाचा म्हणाला, "धंदा सुरू केला तेव्हाचं भांडवल बघा. सहा, चार आणि दोन. मग माझा तिसरा हिस्सा." म्हणजे १,२०,००० रुपये.

मास्तर म्हणाला, "आज कुणाचे किती आहेत ते बघा की. मामांचे सहा, ह्याचे तीन, माझे पाच." चौदा लाखांत पाच लाख, म्हणजे मास्तरला सुमारे १,२८,५७१ रुपये. भाच्याच्या पद्धतीने धरलं तर मास्तरला ६०,००० मिळतात, त्याच्या स्वतःच्या पद्धतीने दुपटीहून जास्त.

मामा काहीच बोलले नाहीत, कारण पहिल्या पद्धतीने त्यांना १,८०,००० मिळत होते.

दोघांचंही चुकतंय, पण खोटं कुणीच बोलत नाही. भाचा पहिल्या दिवसाचा फोटो दाखवतोय, मास्तर शेवटच्या दिवसाचा. नफा मात्र मधल्या बारा महिन्यांत झालाय. मास्तरचे ३ लाख त्यातले चारच महिने कामाला होते आणि भाच्याचे १ लाख सहाच महिने.

चौथं उत्तर कायद्याचं आहे आणि ते ऐकून तिघेही दचकतात. भारतीय भागीदारी कायदा १९३२ च्या कलम १३ नुसार, भागीदारांमध्ये वेगळं काही ठरलं नसेल तर नफा समसमान वाटायचा आणि तोटाही समसमान सोसायचा. भांडवल कुणाचं किती, हे तिथे विचारात घेतलंच जात नाही. म्हणजे काहीच ठरवलेलं नसेल तर प्रत्येकाला १,२०,०००. पुढे मी जी पद्धत सांगणार आहे ती आपोआप लागू होत नाही, ती आधी ठरवून लिहून ठेवावी लागते.

रुपया-महिना

पद्धत शाळेतल्या संयुक्त भागीदारीच्या गणितातलीच आहे. टाकलेली रक्कम गुणिले ती रक्कम धंद्यात राहिलेले महिने. येणाऱ्या संख्येला मी रुपया-महिना म्हणतो. १ लाख रुपये १२ महिने राहिले काय किंवा २ लाख रुपये ६ महिने राहिले काय, दोन्हींचे १२ लाख रुपया-महिने होतात, म्हणून दोघांचा हक्क सारखा.

प्रत्येक भागीदाराला वहीचं एक स्वतंत्र पान द्या. त्यावर तारखेनुसार रक्कम लिहा आणि रक्कम बदलली की नवी ओळ सुरू करा. आपल्या तिघांची पानं अशी होतात:

| भागीदार | कालावधी | रक्कम (लाख) | महिने | लाख-महिने |
|---|---|---|---|---|
| मामा | एप्रिल ते मार्च | ६ | १२ | ७२ |
| भाचा | एप्रिल ते सप्टेंबर | ४ | ६ | २४ |
| भाचा | ऑक्टोबर ते मार्च | ३ | ६ | १८ |
| मास्तर | एप्रिल ते नोव्हेंबर | २ | ८ | १६ |
| मास्तर | डिसेंबर ते मार्च | ५ | ४ | २० |

मामांचे ७२, भाच्याचे २४ आणि १८ मिळून ४२, मास्तरचे १६ आणि २० मिळून ३६. एकूण १५०. आता टक्के काढणं सोपं आहे. ७२ भागिले १५० म्हणजे ४८ टक्के, ४२ म्हणजे २८ टक्के, ३६ म्हणजे २४ टक्के. ३,६०,००० पैकी मामांना १,७२,८००, भाच्याला १,००,८०० आणि मास्तरला ८६,४०० रुपये.

एका भागीदाराचे महिने मोजून झाले की त्यांची बेरीज बारा येते का ते आधी बघा. भाच्याचे ६ आणि ६, मास्तरचे ८ आणि ४. ही बेरीज अकरा किंवा तेरा आली तर पुढचा सगळा हिशेब वाया जातो. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका कारखान्याच्या हिशेबात डिसेंबर ते मार्च हे तीन महिने धरले होते, कारण मनात तिसऱ्या महिन्यातून बारावा वजा करत बसलो होतो. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे बोटांवर मोजले असते तर चार आले असते. भागीदारांना टक्के सांगून झाल्यावर चूक सापडली आणि ती सुधारताना ज्याचा हिस्सा कमी झाला त्याचं तोंड मला अजून आठवतं.

शेकडा काढून ताळा करा

टक्क्यांचा हिशेब बरोबर असला तरी जुन्या माणसांना तो पटत नाही, त्यांना शेकडा कळतो. म्हणून मी नेहमी उलटा ताळा करून दाखवतो. ३,६०,००० रुपये नफा, १५० लाख-महिने. भागाकार केला की एका लाखाला एका महिन्याला २,४०० रुपये. म्हणजे शेकडा दर महा २ रुपये ४० पैसे.

हा एकच दर तिघांनाही लावा. मामांचे ७२ गुणिले २,४०० बरोबर १,७२,८००. मास्तरचे डिसेंबरातले ३ लाख चार महिने राहिले, म्हणजे १२ लाख-महिने, म्हणजे त्या पैशांनी २८,८०० कमावले. भाच्याने काढलेला १ लाख उरलेले सहा महिने राहिला असता तर आणखी ६ लाख-महिने झाले असते. अर्थात मग एकूणही १५६ झालं असतं आणि तोच नफा धरला तर शेकडा थोडा घसरला असता, हे भाच्याला सांगायला विसरू नका. स्लॅबला दुसरीकडून शेकडा दोनने पैसे काढले असते तर परवडलं असतं का, हा हिशेब त्याने मग स्वतःच मांडला.

शेकडा काढल्याचा आणखी एक फायदा म्हणजे घोळ लगेच दिसतो. गेल्या वर्षी शेकडा अडीच आला होता आणि यंदा सहा आला, तर कुठेतरी भांडवल कमी लिहिलं गेलंय किंवा नफा फुगलाय. अशा वेळी वाटणीकडे जाऊ नका, आधी शिल्लक साठा तपासा. मार्चअखेर गोदामातल्या शिवून झालेल्या मालाला विक्रीच्या भावाने धरलं असेल तर न झालेला नफा वाटला जातो. माल पडत किमतीला धरायचा, म्हणजे कापड, शिलाई, बटण, कॉलरचं कॅनव्हास मिळून जे पडलं तेवढंच. आणि बाजारात त्याला पडतीपेक्षा कमी भाव येत असेल तर तो कमी भाव.

महिन्याच्या मधली तारीख

वरच्या उदाहरणात पैसे नेमके १ तारखेला आले. खऱ्या आयुष्यात ते १२ डिसेंबरला येतात, कारण सोनं गहाण ठेवण्यात आठवडा गेलेला असतो. इथे दोन रस्ते आहेत.

पहिला सोपा रस्ता असा: १५ तारखेपर्यंत आलेला पैसा त्या महिन्याचा धरायचा, त्यानंतर आलेला पुढच्या महिन्यापासून. काढलेल्या पैशालाही तोच नियम, म्हणजे १५ तारखेपर्यंत काढला तर त्या महिन्यातूनच वजा. पैसा येताना एक नियम आणि जाताना दुसरा, असं कधी करू नका. पाहुण्यांच्या भागीदारीत ही सवलत हमखास मागितली जाते.

दुसरा रस्ता दिवसांचा. १२ डिसेंबर ते ३१ मार्च, दोन्ही दिवस धरून ११० दिवस होतात. मास्तरचे ३ लाख चार महिन्यांऐवजी ११० दिवस धरले तर त्याचा हिस्सा सुमारे ८४,३०० येतो, म्हणजे महिन्यांच्या हिशेबापेक्षा साधारण २,१०० रुपये कमी. एवढ्याशा फरकासाठी वहीवर दिवस मोजत बसायचं की नाही ते तुम्ही ठरवा. वर्षात चार-पाच वेळाच पैसे आत-बाहेर होत असतील तर महिने पुरेत. दर आठवड्याला होत असतील तर दिवसच धरा आणि काम एक्सेलवर टाका. पहिल्या रकान्यात भागीदाराचं नाव, दुसऱ्यात तारीख, तिसऱ्यात रक्कम. टाकलेली रक्कम साधी लिहायची, काढलेली वजा चिन्हाने. पहिली ओळ शीर्षकाची धरली तर चौथ्या रकान्यात, म्हणजे D2 मध्ये हे सूत्र टाका आणि खाली ओढा:

```
=C2*(DATE(2026,3,31)-B2+1)
```

आणि एका भागीदाराची बेरीज अशी:

```
=SUMIF(A:A,"मास्तर",D:D)
```

इथे कालावधीचे तुकडे पाडावे लागत नाहीत. भाच्याचे ४ लाख पूर्ण वर्षाचे जमा होतात आणि काढलेला १ लाख काढल्या दिवसापासून वजा होत जातो. उत्तर तेच येतं. १ एप्रिलच्या ओळीत चौथ्या रकान्यातला आकडा रकमेच्या ३६५ पट यायला हवा. ३६४ पट आला तर सूत्रातला शेवटचा १ राहिलाय.

तारीख कुठली धरायची हेही एकदाच ठरवा. मी कारखान्याच्या बँक खात्यात पैसे जमा झाल्याची तारीख धरतो. "मी शब्द दिला होता तेव्हापासून" किंवा "कापडवाल्याला मी परस्पर दिले" अशी तारीख धरली की वाद सुरू. परस्पर दिलेच असतील तर त्या दिवसाची पावती कारखान्याच्या नावाची हवी.

उचल आणि खर्चाची उचल

भाच्याचा १ लाख हा सरळ भांडवल कमी करणारा होता. पण कारखान्यातून छोट्या रकमाही सतत उचलल्या जातात. गड्ड्याच्या यात्रेला पोरांना घेऊन जायचंय, पाच हजार. पंपावर पेट्रोल, पाचशे. सगळ्यांच्या रुपया-महिन्यांत हे वजा करत बसलात तर वर्षअखेर वही वाचवत नाही, आणि अजिबात वजा केलं नाही तर जो उचलत नाही त्याच्यावर अन्याय होतो.

यावर मला पटलेला उपाय म्हणजे प्रत्येकाची दोन खाती. एक भांडवल खातं, त्यात फक्त मोठ्या आणि ठरवून टाकलेल्या किंवा काढलेल्या रकमा. दुसरं चालू खातं, त्यात किरकोळ उचल, पगार, नफ्याचा हिस्सा. रुपया-महिने फक्त भांडवल खात्यावर काढायचे. चालू खात्यातली उचल वर्षअखेर त्याच्या नफ्यातून वळती करायची. मात्र एक मर्यादा ठरवा. या कारखान्यासाठी आम्ही महिन्याला १०,००० ठरवली. त्यापुढे उचललं की जास्तीची रक्कम त्या तारखेला भांडवलातून वजा.

गेल्या वर्षीचा न उचललेला नफा हाही याच खात्याचा प्रश्न. गणवेशाच्या धंद्यात नफा कागदावर मार्चमध्ये दिसतो, पण पैसा दुकानदारांकडे अडकलेला असतो. शाळा जूनमध्ये उघडतात, उधारी वसूल होता होता पाऊस निम्मा होतो. मग एखादा म्हणतो, "माझे पैसे राहू द्या कारखान्यात." ते चालू खात्यात नुसते पडून राहणार की १ एप्रिलपासून भांडवल म्हणून मोजले जाणार? मोजायचे ठरवलं तर सगळ्यांना तशी संधी द्या आणि उत्तर लेखी घ्या. नाहीतर ज्याचं घर या नफ्यावरच चालतं त्याचा टक्का दरवर्षी गुपचूप घसरत जातो.

मास्तरचे हात

रुपया-महिन्याला एक गोष्ट अजिबात दिसत नाही, ती म्हणजे काम. मास्तर सकाळी नऊला कुलूप उघडतो, कापड अंथरून कट करतो, शिलाईच्या बायकांना काम वाटून देतो, ऑर्डर चुकली तर शाळेच्या शिव्या खातो. मामा महिन्यातून एकदा येऊन चहा पितात. तरी पैशांच्या हिशेबात मामा ४८ टक्के आणि मास्तर २४.

म्हणूनच मी सुरुवातीला म्हणालो की ३,६०,००० हा मास्तरचा पगार वजा जाऊनचा नफा आहे. त्याला महिना १५,००० ठरले होते, वर्षाचे १,८०,०००. तो कारखान्याचा खर्च आहे, नफा त्यानंतर मोजायचा. पगार न देता सगळं टक्क्यांवर वाटलं असतं तर, कराचा फरक बाजूला ठेवून, ५,४०,००० चे २४ टक्के म्हणजे १,२९,६०० रुपयांत मास्तरचं वर्ष गेलं असतं. पगार धरून त्याच्या हाती २,६६,४०० येतात. बाहेर कटिंग मास्तर नेमला असता तर त्याला जेवढे द्यावे लागले असते तेवढे भागीदार मास्तरला द्यायचे, इतकं साधं माप लावलं तरी बरेच वाद मिटतात.

इथेही कायदा गप्प बसलेल्याच्या बाजूने नाही. धंद्यात राबल्याबद्दल भागीदाराला मोबदला मागता येत नाही, करारात तसं लिहिलं असेल तरच मिळतो. तोंडी पगार घेणाऱ्या मास्तरांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

हंगामाची मेख

आता या धंद्यातली खरी अडचण. रुपया-महिन्यात ऑक्टोबरचा महिना आणि मेचा महिना सारखाच मोजला जातो. गणवेशात तसं नसतं. कापड डिसेंबरपासून भरलं जातं, शिलाई मार्च-एप्रिलमध्ये जोरात असते, माल मे-जूनमध्ये निघतो. आणि आर्थिक वर्ष नेमकं हंगामाच्या मध्यावर, ३१ मार्चला संपतं.

मास्तरने ३ लाख हंगामापुरतेच आणले आणि १ जुलैला काढून घेतले असं धरा. म्हणजे ते सात महिने कारखान्यात होते, चार यंदा आणि तीन पुढच्या वर्षात. यंदाचे चार महिने ते पैसे गोदामातल्या कापडात अडकलेले होते. त्या कापडाचा नफा पुढच्या वर्षी एप्रिल ते जूनमध्ये निघणार. पुढच्या वर्षीचे लाख-महिने काढले तर मामा ७२, भाचा ३६, मास्तर २४ अधिक ९ म्हणजे ३३. एकूण १४१, मास्तरचा हिस्सा २३.४ टक्के. पण जेव्हा खरा पैसा निघाला त्या तीन महिन्यांत कारखान्यातल्या १४ लाखांपैकी ५ लाख त्याचे होते, म्हणजे ३५.७ टक्के. तो म्हणतो, "कमाईच्या वेळी माझे पैसे आणि वाटणी बारा महिन्यांची?" मामा म्हणतात, "मंदीच्या महिन्यांत भाडं आणि लाइटबिल कुणाच्या पैशांतून गेलं?" दोघांचंही बरोबर आहे.

पहिला उपाय म्हणजे आपसातली वाटणी शाळेच्या वर्षावर करायची, १ जुलै ते ३० जून. मास्तरचे ३ लाख सातही महिने मग एकाच वर्षात येतात. वरचेच आकडे त्या चौकटीत बसवले तर मामा ७२, भाचा ३९ (जुलै ते सप्टेंबर ४ लाख, नंतर ३ लाख), मास्तर २४ अधिक २१ म्हणजे ४५. एकूण १५६ आणि मास्तरचा हिस्सा सुमारे २९ टक्के. पण आयकराची खाती ३१ मार्चलाच बंद करावी लागतात, म्हणजे साठा वर्षातून दोनदा मोजायचा. ज्याच्याकडे हिशेबनीस रोज बसत नाही त्याने या वाटेला जाऊ नये.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. हंगामापुरता आणलेला पैसा भांडवल धरायचाच नाही. तो भागीदाराने कारखान्याला दिलेली उसनवारी, तिला ठरलेलं व्याज, आणि ते व्याज नफा काढण्याआधी खर्चात. धंदा चालो न चालो, मास्तरला त्याचा शेकडा मिळतो आणि दागिने सोडवता येतात. दर मात्र आधी लिहा. भांडवलाव्यतिरिक्त जास्तीची रक्कम दिली आणि दर ठरलेला नसला तर त्याच कलम १३ नुसार वर्षाला ६ टक्केच मिळतात. गहाणाचं व्याज त्याहून महाग पडतं हे वेगळं सांगायला नको.

सगळं रुपयांवर सोडायचं नसेल तर

कधी मामांचं नाव बाजारात चालतं म्हणून कापड उधारीवर मिळतं. कधी भाच्यामुळे शाळांच्या ऑर्डरी येतात. अशा वेळी लाख-महिने फेकून देऊ नका, फक्त त्यांचा उपयोग बदला. भांडवलावर वर्षाला १२ टक्के, म्हणजे शेकडा दर महा १ रुपया व्याज द्या आणि उरलेला नफा ठरलेल्या हिश्शांत वाटा. एका लाख-महिन्याला १,००० रुपये, म्हणजे मामांना ७२,०००, भाच्याला ४२,०००, मास्तरला ३६,०००. एकूण दीड लाख गेले, उरले २,१०,०००. ते समान वाटले तर प्रत्येकी ७०,०००. मामांच्या हाती १,४२,०००, भाच्याच्या १,१२,००० आणि मास्तरच्या १,०६,०००.

बारा टक्क्यांचा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. करारपत्रात लिहिलेलं असेल तर वर्षाला १२ टक्के साध्या व्याजापर्यंतची रक्कम आयकरात कारखान्याचा खर्च म्हणून वजा मिळते, त्यावरची मिळत नाही. भागीदारी कायद्यानुसार भांडवलावरचं व्याज ठरलेलं असलं तरी ते नफ्यातूनच द्यायचं असतं. तोट्याच्या वर्षी मामांना व्याज मागता येणार नाही.

करारपत्रात काय उतरवायचं

आयकरासाठी भागीदारीच्या करारपत्रात प्रत्येकाचा हिस्सा लिहिलेला असावा लागतो. दरवर्षी बदलणारा टक्का तिथे कसा बसवायचा, हे मसुदा करण्याआधी सीएशी बोला. नुसतं "भांडवलाच्या प्रमाणात" लिहून आलात तर आपण सुरुवातीच्या भांडणात परत पोचलो, कारण कुठल्या दिवशीचं भांडवल ते त्यात नाही. ज्यांना ही कटकट नको त्यांना हिस्सा कायमचा ठेवून महिन्यांचा फरक व्याजाने भागवणारी वरची पद्धत सोयीची पडते.

टक्के बदलते ठेवायचे असतील तर निदान एवढं लिहा: रुपया-महिने भांडवल खात्यावर काढायचे, बँकेत जमा झालेली तारीख धरायची, १५ तारखेचा नियम की दिवस, मास्तरचा पगार किती, किरकोळ उचलीची मर्यादा किती, आणि हंगामी पैसा भांडवल की उसनवारी. शिवाय तोटा. तोही याच टक्क्यांनी सोसायचा का? ६०,००० तोटा आला असता तर मामांवर २८,८००, भाच्यावर १६,८०० आणि मास्तरवर १४,४०० पडले असते. डिसेंबरात आलेला पैसा तोट्यातही चारच महिने मोजला जातो, हे मामांना आधी कळलेलं बरं. कुणी पैशांऐवजी शिलाई मशीन आणली असेल तर तिची आजची किंमत ठरवून, सगळ्यांच्या सह्या घेऊन, त्या तारखेला भांडवल म्हणून लिहा. जुन्या बिलावरची किंमत धरू नका.

भागीदारी नोंदवून घ्या. नोंदणी सक्तीची नाही, पण न नोंदवलेल्या भागीदारीतल्या माणसाला करारातल्या हक्कासाठी दुसऱ्या भागीदारावर दावा लावता येत नाही. म्हणजे इतकं बारकाईने लिहिलेलं सगळं न्यायालयात बाहेरच राहतं.

आपल्या तिघांनी शेवटी लाख-महिन्यांचीच वाटणी मान्य केली, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात, रात्री साडेदहाला. भाच्याने एकदा परत बोटांवर महिने मोजले. मग मी नवं पान काढलं. १ एप्रिल २०२६, मामा ६ लाख, भाचा ३ लाख, मास्तर २ लाख भांडवल. मास्तरचे बाकीचे ३ लाख त्याच दिवसापासून उसनवारी खाती गेले, शेकडा दीड रुपया, परतफेड १ जुलैला. मामांनी सही करण्याआधी विचारलं, "आणि वसुली लांबली तर?" तेव्हा खाली एक ओळ वाढवली: परत करेपर्यंत व्याज त्याच दराने चालू.